झाकण्याआधी मोजा : घरं बांधणाऱ्या कंत्राटदारांना आणि सल्लागार अभियंत्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

घराच्या कामाचा करार होताना मालकाच्या हाती जो गुणवत्ता आराखडा पडतो, त्याची बरीचशी पानं विशेषणांनी भरलेली असतात. 'उत्तम प्रतीचं काँक्रीट', 'पुरेसं क्युरिंग', 'कुशल देखरेख', 'मानकांनुसार तपासणी'. या पानांवर सही करायला कोणाचीच हरकत नसते, कारण त्यात मोजता येण्यासारखं काही नसतं. पुढे स्लॅबला भेग गेली की कंत्राटदार म्हणतो क्युरिंग पुरेसं होतं, मालक म्हणतो नव्हतं, आणि 'पुरेसं' म्हणजे किती हे कुठेच लिहिलेलं नसल्यामुळे वाद आवाजावर मिटतो.

ही पानं बदला, अशी विनंती करायला हे पत्र लिहितो आहे. पायापासून रंगापर्यंत सगळं एका पत्रात मांडत बसलो तर कशालाच न्याय मिळणार नाही, म्हणून एकच काम घेतो : स्लॅब. घराच्या बाकीच्या बऱ्याच कामांत चूक झाली तर ती दुसऱ्या दिवशीही निदान दिसते. विटांचा थर ओळंब्यात नसेल तर उतरवता येतो. स्लॅबमध्ये मात्र आठ-दहा दिवसांचं सेंट्रिंग आणि सळईकाम एका दिवसात काँक्रीटखाली गाडलं जातं. त्यानंतर ते पाहायचं तर फोडावंच लागतं.

आधी आराखड्यातली एक ओळ कशी असावी ते सांगतो. 'सळईला योग्य कव्हर द्यावं' ही ओळ निरुपयोगी आहे. तिच्या जागी असं लिहा : स्लॅबच्या तळाच्या सळईखाली २० मि.मी. कव्हर राहील, ५ मि.मी. जास्त चालेल, कमी अजिबात चालणार नाही. काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी सल्लागाराचा माणूस प्रत्येक खोलीत पाच जागी मोजेल. एक जागा जरी कमी भरली तरी त्या खोलीतले सगळे कव्हर ब्लॉक पुन्हा लावले जातील आणि मोजणी पुन्हा होईल. आता या ओळीत आकडा आहे, किती सूट ते आहे, कोण आणि कधी मोजणार ते आहे आणि नापास झाल्यावर काय करायचं तेही आहे. शेवटचा भाग सर्वांत जास्त वेळा सुटतो. नापास झाल्यावर काय, हे आधी ठरलेलं नसेल तर काँक्रीटच्या दिवशी सकाळी मिक्सर चालू असताना ते ठरतं, आणि तेव्हा मिक्सरच जिंकतो.

दुसरी गोष्ट थांब्यांची. आराखड्यात काही जागा अशा हव्यात की तिथली सही झाल्याशिवाय काम पुढे सरकणार नाही. स्लॅबसाठी मी तीन थांबे पुरेसे मानतो : सेंट्रिंग पूर्ण झाल्यावर सळई चढवण्याआधी, सळई बांधून झाल्यावर काँक्रीट ओतण्याआधी, आणि टेकू काढण्याआधी. ओतण्याचा दिवस हा चौथा थांबा नाही. त्या दिवशी मोजणी काम चालू असतानाच होते. थांबे वाढवत नेले तर त्यांना कोणी जुमानत नाही. दहा सह्यांचा तक्ता शेवटी संध्याकाळी एकाच पेनाने भरला जातो.

पहिल्या थांब्यावर फार रेंगाळत नाही. टेकू ओळंब्यात आणि घट्ट पायावर आहेत का, फळ्यांच्या सांध्यांतून सिमेंटचं पाणी निसटेल अशा फटी आहेत का, पातळी बरोबर आहे का आणि खोलीचे दोन्ही कर्ण सारखे आहेत का, एवढं पाहायचं. पातळीचा आकडा मात्र ठरवून ठेवा, कारण सेंट्रिंग मधोमध १५ मि.मी. वर उचललेलं असेल आणि वरून स्लॅब सपाट केला, तर मध्ये जाडी तेवढीच कमी होते.

दुसऱ्या थांब्यावर आपल्याकडे सगळे खालची जाळी पाहतात. दोन सळयांमधलं अंतर टेपने मोजतात, व्यास पाहतात, जोडाची लांबी पाहतात. हे झालंच पाहिजे. व्यासाबद्दल एक सोपी खात्री करून घेता येते. सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग करून १६२ ने भागला की एक मीटरचं वजन किलोत मिळतं. ८ मि.मी. सळईचं वजन मीटरला सुमारे ३९५ ग्रॅम आणि १२ मि.मी.चं सुमारे ८९० ग्रॅम भरायला हवं. प्रत्येक गाडीतल्या दोन-तीन सळयांचा मीटरभर तुकडा वजनकाट्यावर ठेवायला दहा मिनिटं लागतात. बारीक सळईत पाच-सात टक्क्यांपेक्षा जास्त घट दिसली तर ती गाडी परत पाठवायची, असं आराखड्यातच लिहून टाका.

पण माझ्या मते खरा धोका वरच्या सळईत आहे. बीमवरून जाणाऱ्या आणि बाल्कनी-छज्जात शिरणाऱ्या सळया स्लॅबच्या वरच्या बाजूला असतात, कारण तिथे ताण वर येतो. त्या खुर्च्यांवर उभ्या असतात. माणसं जाळीवरून घमेली घेऊन चालायला लागली की खुर्च्या वाकतात आणि सळई खाली बसते. १२५ मि.मी. जाडीचा स्लॅब घ्या. वर २० मि.मी. कव्हर, १० मि.मी.ची सळई, म्हणजे सळईचा मध्य वरून २५ मि.मी.वर. स्लॅबच्या तळापासून तिथपर्यंतचं अंतर १०० मि.मी. होतं आणि अभियंत्याने सगळं गणित याच १०० वर केलेलं असतं. सळई पायाखाली ३० मि.मी. दबली तर ते ७० राहतं. वाकण्याला तोंड देण्याची त्या जागेची ताकद याच अंतराच्या जवळपास प्रमाणात असते, म्हणजे सुमारे तीस टक्के ताकद गेली. काँक्रीट चांगलं आहे, सळई हिशेबाइतकीच आहे, क्यूबही पास होतील, आणि तरी बाल्कनी अधू झालेली असेल. खोलीतल्या स्लॅबला निदान खालच्या जाळीचा आधार असतो. बाल्कनीला दुसरा कसलाच आधार नसतो. काही महिन्यांनी वरच्या फरशीत भिंतीला लागून, तिच्या समांतर एक भेग उमटते, तिच्यातून पाणी शिरतं आणि आधीच खाली बसलेली सळई गंजायला लागते.

हे टाळायला महागडं उपकरण लागत नाही. १२५ च्या स्लॅबमध्ये २० मि.मी. कव्हर हवं, म्हणजे सेंट्रिंगच्या फळीपासून वरच्या सळईच्या माथ्यापर्यंत १०५ मि.मी. यायला हवेत. बरोबर १०५ मि.मी. लांबीचा एक लोखंडी तुकडा कापून घ्या. तो फळीवर उभा धरला की सळईचा माथा त्याच्या टोकाशी यावा, ५ मि.मी. खाली चालेल, त्याहून जास्त नाही. खुर्च्या सगळीकडे मीटरभराच्या आत असाव्यात, आणि बारीक सळई असेल तर त्याहून जवळ. ही मोजणी दोनदा करायची : एकदा थांब्यावर, आणि दुसऱ्यांदा काँक्रीट त्या भागापर्यंत पोचायच्या अगदी आधी. आदल्या संध्याकाळी मोजलेली उंची दुसऱ्या दिवशी वीस माणसं तुडवून गेल्यावर कशी टिकेल? म्हणून जाळीला न टेकणाऱ्या स्वतंत्र घोड्यांवर फळ्यांची वाट करणं आणि बाल्कनीपाशी एक सळई बांधणारा माणूस दिवसभर उभा ठेवणं, या दोन गोष्टी आराखड्यात सक्तीच्या असाव्यात.

आता ओतण्याचा दिवस. साधारण ८० चौरस मीटरचा १२५ मि.मी.चा स्लॅब, म्हणजे १० घनमीटर, आणि बीम धरून समजा १४ घनमीटर काँक्रीट. साइटवरच मिक्सर लावून एका गोणीचा एक घाणा काढायचा आहे. काँक्रीट एम २५ प्रतीचं, म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन भार पेलणारं. घनमीटरला ३३० किलो सिमेंट आणि पाणी-सिमेंट प्रमाण ०.५ असं मिश्रण अभियंत्याने दिलं आहे.

पहिला आकडा पाण्याचा. ५० किलोच्या गोणीला ०.५ प्रमाणाने २५ लिटर पाणी. पण हे एकूण पाणी आहे. घाण्यात समजा १०० किलो वाळू आहे आणि ती पाच टक्के ओली आहे, तर सुमारे ५ लिटर पाणी वाळूबरोबरच आत गेलं. मिक्सरमध्ये फक्त २० लिटर टाकायचं. मिक्सरवाला नेहमीच्या सवयीने २५ टाकतो, घाणा ३० लिटरचा होतो, प्रमाण ०.६ वर जातं आणि ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने घटते. काँक्रीट छान पसरतं म्हणून त्या वेळी सगळे खूश असतात. वाळूतलं पाणी कळायला एक किलो वाळू तव्यावर कोरडी करून पुन्हा तोलायची. ९५० ग्रॅमच्या आसपास उरली तर ओल पाच टक्के. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि वाळूचा नवा ढीग उघडला की पुन्हा.

याच ओलीची दुसरी बाजू बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ओली वाळू फुगते. फर्म्याने मापून वाळू घेत असाल तर ओल्या फर्म्यात वाळू कमी आणि पोकळी जास्त असते. सरळ बाजूंच्या भांड्यात ओली वाळू २०० मि.मी. उंचीपर्यंत सैल भरा, बाहेर काढा, भांडं अर्धं पाण्याने भरा आणि तीच वाळू हलवत-ठोकत परत टाका. ती १६० वर बसली तर फुगवटा पंचवीस टक्के. म्हणजे कोरड्या हिशेबाने चार फर्मे लागत असतील तिथे पाच टाकायला हवेत. हे न केल्यास वाळू कमी पडते, खडीच्या मधल्या जागा भरत नाहीत आणि बीमच्या तळाला पोकळ, खडबडीत काँक्रीट सापडतं. वजनावर माल घेतला तर फुगवट्याचा प्रश्नच उरत नाही. छोट्या साइटवरही साधा वजनकाटा ठेवता येतो आणि तो ठेवाच, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

दुसरा आकडा स्लम्पचा. ३०० मि.मी. उंचीचा शंकू भरून, ठोकून, सरळ वर उचलायचा आणि काँक्रीट किती खाली बसलं ते मोजायचं. अशा हातमालाच्या स्लॅबला ७५ ते १०० मि.मी. ठरवा. काँक्रीट पंपाने चढवणार असाल तर आकडा वेगळा येईल आणि तो रसायन वापरून मिळवायचा, पाणी वाढवून नाही. पहिल्या तीन घाण्यांना, प्रत्येक क्यूबच्या नमुन्याला आणि प्रत्येक सुट्टीनंतरच्या पहिल्या घाण्याला स्लम्प घ्यायचा. स्लम्पमधून थेट ताकद कळत नाही. मिश्रण तेच असताना स्लम्प अचानक ९० वरून १३० वर गेला, तर बहुतेक वेळा पाणी बदललेलं असतं, आणि हे आपल्याला अठ्ठावीस दिवसांनी नव्हे, पाच मिनिटांत समजतं.

तिसरा आकडा गोण्यांचा, आणि तो इतका सोपा असूनही आराखड्यात मला क्वचितच दिसतो. १४ घनमीटरला ३३० किलोने ४,६२० किलो सिमेंट, म्हणजे सुमारे ९२ गोण्या. दिवसाअखेर रिकाम्या गोण्या मोजा. ८० भरल्या तर दोनच शक्यता आहेत : सिमेंट घनमीटरला २८५ किलोच्या आसपास पडलं, किंवा स्लॅब ठरल्यापेक्षा पातळ झाला. जाडीच्या खुंट्यांची नोंद पाहिली की दोन्हींपैकी काय ते ठरवता येतं. तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालेल. त्यापुढे कारण लिहून द्यायचं.

क्यूबबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त लबाडी इथे होते. क्यूबसाठी वेगळा घाणा काढतात, त्यात अर्ध घमेलं सिमेंट जास्त टाकतात आणि प्रयोगशाळेचा कागद सुंदर येतो. त्या कागदाचा घरातल्या स्लॅबशी काही संबंध नसतो. म्हणून कोणत्या घाण्यातून नमुना घ्यायचा हे मालकाच्या बाजूच्या माणसाने चिठ्ठी काढून ठरवावं आणि घाणा मिक्सरमधून बाहेर पडल्यावरच जाहीर करावं. १४ घनमीटरला दोन नमुने पुरे मानण्याची रीत आहे. मी चार घ्यायला सांगतो, कारण चार निकालांची सरासरी काढता आली तरच निर्णयाला काही आधार मिळतो. प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब २८ दिवसांसाठी, आणि पहिल्या व तिसऱ्या नमुन्याचे आणखी तीन-तीन ७ दिवसांसाठी. प्रत्येक क्यूबवर घाण्याचा क्रमांक, आणि तो घाणा स्लॅबच्या कोणत्या भागात पडला ते नकाशावर पेन्सिलीने. ही पेन्सिलीची खूण पुढे किती कामाला येते ते उदाहरणातच पाहू.

समजा आराखड्यात कसोटी अशी ठरली आहे : एका नमुन्यातले तिन्ही क्यूब आपल्या सरासरीपासून पंधरा टक्क्यांच्या आत असावेत, नाहीतर तो नमुनाच बाद, कोणत्याही नमुन्याची सरासरी २२ च्या खाली नको, आणि चार नमुन्यांची मिळून सरासरी किमान २८ हवी. २८ दिवसांनी निकाल आले : २९.५, २८, २४ आणि २७. प्रत्येक नमुना २२ च्या वर आहे. कागद पाहून कंत्राटदार म्हणेल, सगळे पास. पण चौघांची बेरीज १०८.५ आणि सरासरी २७.१. कसोटी चुकली. सरासरी २५ च्या बरीच वर ठेवण्याचं कारण असं की २५ ही आपण मागितलेली जवळपास किमान ताकद आहे; शंभरातले पाचपेक्षा जास्त निकाल तिच्या खाली जाऊ नयेत, एवढी अपेक्षा असते. सरासरीच २५-२६ वर रेंगाळली, तर स्लॅबचा बराच भाग मागितल्यापेक्षा कमकुवत असण्याची शक्यता आहे.

आता नोंदवही उघडायची. २४ देणारा तिसरा नमुना जेवणाच्या सुट्टीनंतरच्या घाण्यांतला. त्याचा स्लम्प १३० लिहिलेला आहे. तेव्हाच घाणा अडवायला हवा होता, तो अडवला गेला नाही, ही पहिली त्रुटी. पुढच्या सहा घाण्यांनंतर स्लम्प पुन्हा ९५ वर आला आहे. नकाशावरच्या खुणेप्रमाणे हे घाणे मागच्या खोलीच्या मधल्या भागात पडले. म्हणजे संशय अख्ख्या स्लॅबवर नाही, घनमीटरभर काँक्रीटवर आहे. त्या भागावर आणि तुलनेसाठी चांगल्या भागावर रिबाउंड हातोडा चालवून कमकुवत जागेची हद्द ठरवायची. हातोडा फक्त पृष्ठभागाचा अंदाज देतो. त्याच्या आकड्यावरून ताकद जाहीर करू नये, पण कुठे छेद घ्यायचा हे तो चांगलं सांगतो. मग त्या भागातून सळई टाळून तीन गाभे कापून काढायचे. गाभ्यांची सरासरी, क्यूबच्या हिशेबात बदलल्यावर, मागितलेल्या ताकदीच्या ८५ टक्के, म्हणजे २१.२५ हवी आणि एकही गाभा ७५ टक्क्यांच्या, म्हणजे १८.७५ च्या खाली नको. समजा २३.१, २१.९ आणि २२.६ आले. सरासरी २२.५. स्लॅब स्वीकारायचा, छिद्रं न आकसणाऱ्या मसाल्याने भरायची, आणि गाभ्याच्या चाचणीचा सगळा खर्च ज्याच्या घाण्यात पाणी वाढलं त्याने सोसायचा. आणि गाभेही नापास झाले असते, तर रचनाकार अभियंत्याने त्या खोलीचं गणित मिळालेल्या ताकदीवर पुन्हा करायचं. गरज पडली तर भारचाचणी, मजबुतीकरण किंवा तो भाग काढून टाकणं. हा सगळा क्रम आधीच लिहिलेला असेल तर यात भांडायला जागा राहत नाही. वही आणि पेन्सिलीच्या खुणा नसत्या, तर तेच २७.१ घेऊन तुम्ही पूर्ण स्लॅबवर संशय घेत बसला असता किंवा डोळेझाक केली असती.

क्यूबची मर्यादाही मालकाला सांगा. क्यूब मिक्सरमधल्या मालाची परीक्षा घेतो. तो माल स्लॅबमध्ये नीट दाबला गेला का, त्याला पाणी मिळालं का, हे क्यूबला माहीत नसतं. त्याने अठ्ठावीस दिवस टाकीत आरामात काढलेले असतात. म्हणून व्हायब्रेटरची सुई सुमारे ३० सें.मी.वर सरळ उभी घालायची, बुडबुडे थांबले की सावकाश काढायची, आणि सुईने काँक्रीट ढकलत न्यायचं नाही, हे वेगळं लिहायला लागतं. एक सुई बंद पडली तर दुसरी हजर हवी. दुसरी सुई साइटवर नसेल तर ओतायला सुरुवातच करायची नाही.

क्युरिंगला आकडा देणं सोपं आहे, पाळणं अवघड. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राख किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला १०, आणि हवा कोरडी-गरम असेल तर १४ धरा. स्लॅबवर बांध घालून पाणी साठवलं की ते दिसतं, त्यामुळे स्लॅबचं बरं होतं. कॉलम आणि बीमच्या बाजू उपाशी राहतात. तिथे ओलं पोतं गुंडाळायचं आणि दिवसातून तीन ठरलेल्या वेळी हात लावून पाहायचं. नोंद 'पाणी मारलं' अशी नको, 'कोरडी जागा सापडली का' अशी हवी. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नेहमी हो येतं. आणि पाणी साठवण्याआधीचे पहिले काही तास विसरू नका : उन्हावाऱ्यात ओल्या स्लॅबवर वेड्यावाकड्या बारीक भेगा याच तासांत पडतात, तेव्हा प्लास्टिकने झाकून ठेवणं हाच उपाय.

तिसरा थांबा टेकूंचा. साध्या सिमेंटला, हवा फार थंड नसताना, ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी. बीमचे ६ मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१. मिश्र सिमेंटला याहून जास्त थांबा. ७ दिवसांचे क्यूब इथे उपयोगी पडतात : साध्या सिमेंटने तोपर्यंत साधारण दोन तृतीयांश ताकद गाठलेली असते, ती नसेल तर दिवस भरले तरी टेकू काढू नका. बाल्कनीचे टेकू सर्वांत शेवटी, आणि मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे येत. स्लॅबवर विटांचा ढीग रचायचा असेल तर खालचे टेकू निघण्याआधी अभियंत्याला विचारल्याशिवाय नको.

घराच्या बाकीच्या कामांनाही हाच साचा लागू पडतो, फक्त आकडे बदलतात. विटांच्या भिंतीला ३ मीटर उंचीत ६ मि.मी.पेक्षा जास्त ओळंबा सुटू नये, न्हाणीघरात फरशी बसवण्याआधी ४८ तास पाणी साठवून खालच्या छताला ओल येते का पाहावं, भिंतीतले नळ गिलाव्याआधी दाबाखाली तपासावेत. थांबा प्रत्येक वेळी झाकण्याच्या आधी.

संपूर्ण प्रकल्पासाठी मोजायचंच असेल तर दोन आकडे ठेवा. एक, पहिल्याच तपासणीत किती थांबे पास झाले. दोन, नापास नोंद किती दिवसांत दुरुस्त होऊन पुन्हा तपासली गेली. पहिला आकडा शंभर टक्के आला म्हणून कोणाला शाबासकी देऊ नका. ज्या वहीत एकही नापास नाही, ती वही साइटवर भरलेली नसते. सुरुवातीला निम्मे थांबे अडकले आणि तिसऱ्या-चौथ्या स्लॅबपर्यंत एखाद-दुसराच अडकला, असा आलेख मला अधिक विश्वासाचा वाटतो. बिलही या थांब्यांना बांधा : स्लॅबच्या रकमेचा एक हिस्सा २८ दिवसांच्या निकालापर्यंत राखून ठेवा.

तुमच्यातले बरेच जण म्हणतील की एवढ्याशा घराला हे झेपत नाही. वर सांगितलेल्या सामानाची यादी करून पाहा : टेप, कापलेला लोखंडी तुकडा, स्लम्पचा शंकू, क्यूबचे साचे, वजनकाटा, खुणा केलेली बादली, वही. सळईची नीट तपासणी अशा स्लॅबला दोनेक तास घेते. खरी अडचण साधनांची नाही, थांबवण्याच्या अधिकाराची आहे. सुपरवायझर कंत्राटदाराचा पगारी माणूस असतो, मुकादमाने माणसं जमवलेली असतात, मिक्सरचं भाडं चालू असतं. अशा वेळी 'थांबा' म्हणणाऱ्याला पाठीशी काहीतरी लेखी हवं.

म्हणून पुढच्या घराच्या करारात एवढं घाला. प्रत्येक थांब्याला सही करणाऱ्या माणसाचं नाव, आणि तो नसेल तर पर्यायी नाव. तपासणीची सूचना किमान २४ तास आधी, म्हणजे सल्लागारालाही 'वेळ नव्हता' म्हणता येणार नाही. सल्लागार ठरल्या वेळी आला नाही तर होणाऱ्या खोळंब्याची भरपाई त्याने करायची. कंत्राटदाराने सहीशिवाय ओतलं तर तो भाग तपासणीसाठी उघडण्याचा खर्च त्याचा. आणि नोंदवहीची, नकाशावरच्या घाण्यांच्या खुणांची व क्यूबच्या निकालांची एक प्रत मालकाकडे, घराच्या नकाशांबरोबर. पुढे कधी मजला चढवायचा झाला किंवा भिंत काढायची झाली, तर त्या वेळच्या अभियंत्याला हीच कागदं लागतील.

आपला,
घरांच्या बांधकामाची तपासणी करणारा एक स्थापत्य अभियंता